सगळं पुसल्यावरही तुमचं ट्रायल सॉफ्टवेअर परत का येतं? लॅपटॉप कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतात विंडोज लॅपटॉप विकणाऱ्या कंपन्यांचे उत्पादन विभाग आणि ग्राहकसेवा विभाग प्रमुख

सादर नमस्कार.

साताऱ्यात माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तुमच्या शोरूममधून गेलेलं मशीन वर्ष-दोन वर्षांनी हँग व्हायला लागलं की ते माझ्यासारख्याच्या काउंटरवर येतं. त्यामुळे तुमच्या एका निर्णयाचे परिणाम तुमच्याआधी आम्हाला दिसतात. तो निर्णय असा, की ग्राहकानं लॅपटॉप फॅक्टरी रिसेट केला तरी तुम्ही त्यावर अँटिव्हायरसचं ट्रायल, ऑफर्सची अॅप्स, खरेदीच्या वेबसाइटचे शॉर्टकट आणि तुमचे स्वतःचे 'असिस्टंट' पुन्हा बसवता. हे गप्प बसून सोसण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

मध्यंतरी विमा एजंट असलेल्या एक ताई त्यांचा लॅपटॉप घेऊन आल्या. बारावी पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी. त्यांच्या कामाला पुरून उरेल असं मशीन. तरी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं डिस्कचा वापर शंभर टक्क्यांवर अडकलेला आणि उजव्या कोपऱ्यात लाल चौकट: तुमचं संरक्षण संपलं आहे, आत्ताच नूतनीकरण करा. त्यांच्या मुलानं तुमच्या हेल्पलाइनला फोन करून, तिकडून सांगितलं तसं घरीच रिसेट केलं होतं. फाइल्स पेन ड्राइव्हवर घेतल्या, सगळं काढून टाकण्याचा पर्याय निवडला, तासभर वाट पाहिली. मशीन नव्यासारखं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तीच लाल चौकट हजर.

"दादा, आम्ही सगळं पुसलं होतं ना? मग हे परत आलं कुठून?" ताईंनी मला विचारलं.

हा प्रश्न मी तुमच्यापर्यंत पोहोचवतो आहे, कारण त्याचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलेलं आहे. विंडोजमधलं `Reset this PC` हे स्वतःच्या फाइल्स वापरून विंडोज नव्यानं उभारतं. पण त्यानंतर ते डिस्कवरच्या `C:\Recovery` या लपवलेल्या फोल्डरमध्ये डोकावतं. तिथे `Customizations` नावाच्या फोल्डरमध्ये कारखान्यातून निघताना तुम्ही ठेवलेली `.ppkg` फाइल असते. तुमची अॅप्स, ट्रायल, शॉर्टकट यांचा गठ्ठा त्यात बांधलेला असतो आणि विंडोज तो इमानेइतबारे सोडून पुन्हा बसवतं. ग्राहकानं पुसलेली असते ती त्याची बाजू. तुमची बाजू तशीच सुरक्षित राहते.

इथे सगळ्यात जास्त फसगत `Cloud download` या पर्यायानं होते. नाव वाचून माणसाला वाटतं, सगळं मायक्रोसॉफ्टकडून ताजं उतरतंय, म्हणजे कोरं असणार. विंडोजच्या सुमारे चार जीबीच्या फाइल्स खरोखर इंटरनेटवरून येतात, पण त्यावर चढणारा तुमचा गठ्ठा मात्र त्याच जुन्या फोल्डरमधून येतो. काही मशीनवर `Change settings` मध्ये गेल्यावर `Restore preinstalled apps?` असा एक खटका दिसतो. तो बंद केला तर बराच कचरा टळतो. पण तो सगळीकडे दिसत नाही, दिसला तरी मूळचा चालू असतो, आणि तुमच्या हेल्पलाइनवरच्या माणसानं तो बंद करायला सांगितल्याचं माझ्या एकाही गिऱ्हाइकाकडून मी ऐकलेलं नाही. मशीन सुरू होताना फंक्शन की दाबून तुमच्या स्वतःच्या रिकव्हरीत गेलं तर तोही प्रश्न उरत नाही. तिथून येते ती कारखान्यातली प्रतिमाच, जशीच्या तशी.

नव्या मशीनवर ट्रायल का असतात हे मला माहीत आहे. सॉफ्टवेअर कंपन्या त्यासाठी तुम्हाला पैसे देतात, आणि स्वस्त लॅपटॉपमधला नफा किती तुटपुंजा असतो हे विक्रीच्या धंद्यात असल्यामुळे मीही जाणतो. पहिल्या दिवशीच्या त्या ट्रायलबद्दल माझं दुमत आहेच, पण ते बाजूला ठेवू. रिसेट ही विक्री नाही. मशीनचे पूर्ण पैसे कधीच चुकते झालेले असतात आणि मालकानं स्वतःच्या हातानं 'सगळं काढून टाका' असं बटण दाबलेलं असतं. याहून स्पष्ट नकार कोणता? त्यानंतर तीच जाहिरात पुन्हा बसवणं म्हणजे मालकाचा शब्द त्याच्याच मशीनवर खोटा पाडणं आहे.

आता नुकसान काय होतं ते सांगतो. वेग कमी होतो हे तर आहेच, पण मला जास्त काळजी संरक्षणाची वाटते. विंडोजमध्ये स्वतःचा डिफेंडर असतो आणि घरगुती वापराला तो पुरेसा आहे. दुसरा अँटिव्हायरस नोंदवला गेला की डिफेंडर बाजूला होतो, कारण दोघं एकाच वेळी पहारा देऊ शकत नाहीत. म्हणजे तुमचं ट्रायल बसताच मोफत, कायम चालणारं संरक्षण मागे हटतं आणि मुदतीचं पुढे येतं. मुदत संपली की ग्राहक लाल चौकटी बंद करत राहतो, आणि आपल्या मशीनवर नेमका कोण पहारा देतोय हे त्याला सांगता येत नाही. ट्रायल नेहमीच्या पद्धतीनं अनइन्स्टॉल केलं तरी कधी कधी अवशेष राहतात. अशा वेळी त्याच कंपनीचं वेगळं रिमूव्हल टूल चालवावं लागतं. हे टूल अस्तित्वात आहे, हे विमा एजंट ताईंना कुठून कळावं? त्यांनी घाबरून एकदा पैसेही भरले होते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवून हवं ते करायला लावणाऱ्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात तेरा प्रकार नमूद आहेत. सतत टोकत राहणं आणि खोटी घाई दाखवणं हे त्यातलेच दोन. ती तत्त्वं समोर ठेवून तुमच्या एखाद्या अधिकाऱ्यानं रिसेट केलेला लॅपटॉप आठवडाभर वापरून पाहावा, एवढी माझी विनंती आहे.

आधीच बसवून दिलेलं सॉफ्टवेअर किती घातक ठरू शकतं हे तुमच्या उद्योगानं अनुभवलेलं आहे. २०१४च्या उत्तरार्धात लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपवर सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर येत होतं. सुरक्षित वेबसाइटवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्यानं मशीनमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवलं होतं, आणि त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती किल्ली बाहेर निघाली. मग त्या मशीनवर कुणीही बँकेची खोटी वेबसाइट खरी म्हणून दाखवू शकत होतं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं आणि ३२ राज्यांनी हे प्रकरण तडजोडीनं मिटवलं, त्यात लेनोवोनं राज्यांना ३५ लाख डॉलर द्यायचं ठरलं, आणि असं सॉफ्टवेअर बसवण्याआधी ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, अशी अट पडली. अमेरिकी ग्राहकाला मिळालेली ही संमतीची अट साताऱ्यातल्या ग्राहकाला का मिळू नये?

शहाण्या ग्राहकासाठी एक मार्ग आहे, हे खरं. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत पानावरून `Media Creation Tool` घ्यायचं, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बनवायचा आणि कोरं विंडोज टाकायचं. लायसनची भीती बाळगायचं कारण नाही. विंडोज ८ पासून उत्पादक लायसनची किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच घालतात. सेटअप ती वाचतो, आपल्याकडे सर्रास येणारी `Home Single Language` आवृत्ती असेल तर तीच निवडतो आणि इंटरनेट मिळताच विंडोज सक्रिय होतं. पण या वाटेवर तुम्ही जे अडथळे ठेवले आहेत ते त्या ताईंच्याच मशीनवरून सांगतो, म्हणजे माझ्या मागण्या कुठून आल्या ते कळेल.

सुरुवातीला आम्ही एक काम आवर्जून केलं. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलं आहे ना, ते खात्यात जाऊन पाहिलं. ते जोडलेलं नसताना डिस्क पुसली तर पैसे देऊन घेतलेलं ऑफिस परत मिळवायला ग्राहकाला बराच झगडा करावा लागू शकतो. मग पेन ड्राइव्हवरून सेटअप सुरू केला. भाषा, आवृत्ती सगळं ठीक. डिस्क निवडायची यादी आली ती रिकामी. एसएसडी शाबूत होती, पण सेटअपला दिसत नव्हती.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे होतं. बायोसमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू असते, एसएसडी तिच्या मागे असते आणि मायक्रोसॉफ्टच्या कोऱ्या माध्यमात तिचा ड्रायव्हर असेलच असं नाही. मग `Load driver` म्हणून तो ड्रायव्हर हातानं द्यावा लागतो. सेटअपला लागते उघडी `.inf` फाइल. तुमच्या सपोर्टच्या पानावर होती एक `.exe`, जी आधीच चालू असलेल्या विंडोजवरच चालते. डिस्क दिसत नाही म्हणून विंडोज टाकता येत नाही, आणि विंडोज नाही म्हणून डिस्क दाखवणारा ड्रायव्हर उघडता येत नाही! सामान्य माणूस इथेच हात टेकतो आणि तुमच्या रिकव्हरीकडे परत जातो. काही जण डिस्कच खराब झाली असं समजून नवी विकत घेतात. मी दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर इंटेलचा मूळ इन्स्टॉलर उतरवला आणि त्यातून ड्रायव्हर मोकळा केला:

```
.\SetupRST.exe -extractdrivers RST
```

तो फोल्डर पेन ड्राइव्हवर टाकून निवडल्यावर डिस्क लगेच दिसली. जुने विभाग काढले, त्याबरोबर तुमचा रिकव्हरी विभागही गेला, हे ताईंना आधी सांगूनच. पुढची अडचण वाय-फायची. कोऱ्या विंडोजला त्या कार्डाचा ड्रायव्हर ठाऊक नव्हता, आणि विंडोज ११चा सेटअप घरगुती आवृत्तीत इंटरनेटशिवाय पुढे जाऊ देत नाही. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं आणि मार्ग निघाला.

पुढचं सोपं होतं. विंडोज अपडेटनं ग्राफिक्स, आवाज, टचपॅड, ब्लूटूथ आपणहून आणलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेच्या दोनच ओळी उरल्या. ओळीवर उजवी क्लिक, `Properties`, `Details` आणि तिथे `Hardware Ids` पाहिलं की कुणाचं उपकरण आहे ते कळतं. `VEN_8086` असेल तर इंटेलचं, `VEN_10EC` असेल तर रिअलटेकचं. एक निघालं इंटेलच्या चिपसेटचं आणि दुसरं फिंगरप्रिंटचं. तुमच्या पानावरून मी हे दोनच ड्रायव्हर घेतले. त्या पानावर त्या मॉडेलसाठी फाइल्सची लांबलचक यादी होती आणि खऱ्या ड्रायव्हरच्या रांगेतच असिस्टंट, ऑफर्स आणि 'एक्सपीरियन्स' नावाच्या गोष्टी तशाच आविर्भावात बसवलेल्या होत्या. कोणती फाइल नसेल तर काय बंद पडेल, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

लॅपटॉप परत नेताना ताईंनी विचारलं, "म्हणजे आधीपासूनच एवढा पळत होता का हा?" हो, आधीपासूनच.

तुमचं सगळंच सॉफ्टवेअर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय, पंख्याचा वेग, काही मॉडेलवर फंक्शन कीज, हे तुमच्याच अॅपवर चालतं आणि ते लोकांना हवं असतं. बायोसचे अपडेट तर टाकलेच पाहिजेत. तक्रार अशी, की बॅटरीच्या एका खटक्यासाठी ग्राहकाला सूचना, ऑफर्स आणि वॉरंटी वाढवण्याच्या जाहिराती दाखवणारं आख्खं अॅप घ्यावं लागतं.

या दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात, हे तुम्ही स्वतःच दाखवून दिलेलं आहे. मोठ्या कार्यालयांना विकल्या जाणाऱ्या तुमच्या व्यावसायिक मालिकांसाठी तुमच्यापैकी प्रमुख कंपन्या मॉडेलनिहाय ड्रायव्हर पॅक देतात. एक फाइल, आत उघड्या `.inf`, जाहिरात शून्य. कारण बँकेच्या आयटी विभागानं ट्रायलवाला लॅपटॉप घेतलाच नसता. घरगुती मालिकेच्या ग्राहकाला मात्र हे मिळत नाही. ज्याच्याकडे आयटी विभाग आहे त्याला तयार गठ्ठा, आणि ज्याला विचारायला कुणी नाही त्याला `.exe`ची यादी, हा भेदभाव मला सगळ्यात जास्त खटकतो.

तोवर आम्ही आमच्यापुरता एक उपाय करतो. मशीन धडपणे चालू असतानाच, पुसण्यापूर्वी, त्यातले बाहेरून बसवलेले ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये, `D:` हा पेन ड्राइव्ह आहे असं धरून, आणि `Drivers` हा फोल्डर आधी तयार करून:

```
pnputil /export-driver * D:\Drivers
```

आणि कोरं विंडोज टाकून झाल्यावर:

```
pnputil /add-driver D:\Drivers\*.inf /subdirs /install
```

यात फक्त ड्रायव्हर येतात, ट्रायल आणि ऑफर्सची अॅप्स येत नाहीत. पण मशीन आधीच बंद पडलेलं असेल तर हा उपाय कामाचा नाही, आणि दुरुस्तीला येणारी कितीतरी मशीन बंद पडलेलीच असतात.

आणखी एका गोष्टीबद्दल आश्वासन हवं आहे. फर्मवेअरमधून विंडोजला एखादा प्रोग्राम सुरू होतानाच द्यायची सोय डब्ल्यूपीबीटी या तक्त्यात असते. चोरीला गेलेल्या मशीनचा माग काढण्यासारख्या कामांना ती ठीक आहे. पण २०१५ मध्ये लेनोवोच्या काही मॉडेलवर याच वाटेनं कंपनीचं सॉफ्टवेअर कोरं विंडोज टाकल्यावरही परत येत होतं. बोभाटा झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. म्हणजे डिस्क पूर्ण पुसणं हाही शेवटचा शब्द ठरत नाही, जोवर तुम्ही तसं लेखी म्हणत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. रिसेट करताना पहिल्याच पडद्यावर ग्राहकाला दोन पर्याय द्या: फक्त विंडोज आणि ड्रायव्हर, किंवा कारखान्यातून आलं तसं. पहिला पर्याय मूळचा निवडलेला असावा, आणि तुमच्या रिकव्हरी विभागातही तोच असावा. त्या `.ppkg` मध्ये ट्रायल आणि जाहिरातीची अॅप्स घालणं पूर्ण थांबवा.

प्रत्येक घरगुती मॉडेलसाठी व्यावसायिक मालिकेसारखाच ड्रायव्हर पॅक द्या. स्टोरेज आणि वाय-फायचे ड्रायव्हर सेटअपमध्ये थेट वापरता येतील असे, उघड्या स्वरूपात, त्याच पानावर सर्वांत वर ठेवा. उरलेल्या यादीत प्रत्येक फाइलपुढे ती कोणत्या उपकरणासाठी आहे आणि ती नसेल तर काय चालणार नाही, हे एका ओळीत लिहा. ते मराठीतही लिहा, कारण आमच्या काउंटरवर ते आम्हाला मराठीतच समजावून सांगावं लागतं. ड्रायव्हर आणि अॅप्स यांच्या याद्या वेगळ्या करा. बॅटरी मर्यादा, पंखा आणि बायोस अपडेट यांसाठी जाहिरातमुक्त, सुटं उतरवता येणारं छोटं साधन द्या.

मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत माध्यमातून कोरं विंडोज टाकल्यानं हार्डवेअरच्या वॉरंटीला धक्का लागत नाही, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहा आणि हेल्पलाइनवरच्या प्रत्येकाला सांगा. 'आमची इमेज टाका, नाहीतर वॉरंटी जाईल' असं फोनवर ऐकून गिऱ्हाइकं माझ्याकडे घाबरत येतात. लेखी मागितलं की तसं कुणी देत नाही. आणि डब्ल्यूपीबीटीतून तुम्ही कोणत्या मॉडेलवर काय पाठवता आणि ते बायोसमधून कसं बंद करायचं, हे त्या मॉडेलच्या पानावर जाहीर करा.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि नसतील तर का, याचं उत्तर प्रत्येक कंपनीनं आपल्या सपोर्टच्या पानावर जाहीरपणे द्यावं. मला वैयक्तिक फोन नको. वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या मशीनवर रिसेटनंतर ट्रायल परत आलं असेल त्यांनी मॉडेलचा नंबर आणि स्क्रीनचा फोटो जोडून कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवावी.

आपला,
संगणक दुरुस्ती करणारा एक दुकानदार, सातारा